रिकामी उडी उत्तराच्या आधी

*"दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात संध्याकाळी बारा मुलं जमतात, सहा ते नऊ वर्षांची. चौक पंधरा फूट बाय बारा फूट, आणि एका कोपऱ्यात दोन स्कूटर. मी त्यांना दोरीच्या उड्यांवर पाढे म्हणायला लावते. म्हणतात झकास. पण माझी मुलगी, जी दुसरीत आहे, तिला मध्येच 'चार साते किती?' विचारलं की ती 'चार एके चार'पासून सुरू करते. ठिकरीसाठी एक ते दहा घरं आखली, तर सगळी एकमेकांवर आदळतात. यातून आकडे पक्के होतात, की नुसतं गाणं होतं?" – एक आई, बडोदा*

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. सध्या नुसतं गाणं होतंय. पण दोरी सोडून देऊ नका, कारण बदल अगदी थोडा करायचा आहे आणि तो दोरीवरच होतो.

पाढ्याची एक ओळ कानाने ऐका. "चार, साते, अठ्ठावीस", मग एक ठोका रिकामा, आणि लगेच पुढची ओळ. तीन शब्द आणि एक श्वास, असा चार ठोक्यांचा तो तुकडा असतो. श्वास येतो उत्तर होऊन गेल्यावर. "साते" आणि "अठ्ठावीस" यांच्यामध्ये क्षणाचीही फट नसते, त्यामुळे जीभ घसरत पुढे जाते आणि आठवावं असं काही लागतच नाही. प्रत्येक ओळ मागच्या ओळीच्या ओढीने येते. तुमच्या मुलीला सातवी ओळ हवी असेल तर ती पहिलीपासून ओढणारच. तिला पाढा तसाच मिळाला आहे.

आता रिकामा ठोका उचलून उत्तराच्या आधी ठेवा. पहिल्या उडीला "चार", दुसरीला "साते", तिसरी उडी गप्प, चौथीला "अठ्ठावीस". चार उड्या, एक ओळ, पण आता प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक पूर्ण उडी आहे. त्या एका उडीत मुलाला उत्तर स्वतः शोधावं लागतं. पहिल्या दिवशी हे फार अवघड जातं, जुन्या चालीत पाठ असलेली मुलंसुद्धा अडखळतात. ते चांगलं लक्षण समजा. गाणं कुठे संपतं आणि आठवण कुठे सुरू होते ते तुम्हाला तिथेच दिसतं.

गरब्यामुळे आपल्या बडोद्याच्या मुलांना टाळीचा वेगळा सराव द्यावा लागत नाही. बाजूला उभ्या मुलांनी पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या उडीला टाळी द्यायची, तिसऱ्या उडीला हात मोकळे. तबला शिकणारं एखादं मूल असेल तर त्याला सांगा की ही आपली खाली. एका डावाला चारच ओळी घ्यायच्या, म्हणजे सोळा उड्या, तीनतालाचं एक आवर्तन. अख्खा पाढा या चालीत चाळीस उड्यांचा होतो आणि सात वर्षांच्या मुलाचा दम त्याआधीच संपतो. दम लागला की तोंडातून नेहमीचं गाणंच बाहेर पडतं. शिवाय चारच ओळी घ्यायच्या म्हटल्यावर त्या पहिल्यापासूनच हव्यात असं काही उरत नाही. एकाला "चार सक"पासून द्या, दुसऱ्याला "चार त्रिक"पासून. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी ओळींचा क्रमही मोडा: सक, त्रिक, नवे, चोक. दोरी फिरवणाऱ्याने प्रश्न बोलायचा, उडी मारणाऱ्याने गप्प उडीनंतर उत्तर.

इथे एक गोष्ट फार जपा. टाळ्या देणाऱ्या मुलांनी उत्तर बोलायचं नाही. आपल्याकडे सगळ्यांनी मिळून म्हणायची सवय आहे आणि त्यात मौजही आहे, पण त्या घोळक्यात कच्चं मूल वर्षभर लपून राहू शकतं. ओठ हलतात, आवाजही निघतो, फक्त तो शेजाऱ्याच्या मागून पाव सेकंदाने निघतो. मी पस्तीस वर्षं प्राथमिकला शिकवलं आणि यातली पहिली बरीच वर्षं तो पाव सेकंद मला ऐकू आला नाही.

दोरीचं थोडं सांगते, कारण ताल बिघडतो तो बहुतेक वेळा दोरीमुळे. प्लास्टिकची नको, ती हलकी असते, हवेत डगमगते आणि पायाला लागली की चुरचुरते. अंगठ्याएवढी जाड सुती दोरी तेरा फूट घ्या. दोन्ही टोकांचा अर्धा-अर्धा फूट हाताला गुंडाळून फिरवणाऱ्यांनी नऊ फुटांवर उभं राहायचं. मधला झोल मुलांच्या डोक्यावरून जायला पुरतो. दोरीने फरशीला हलकेच टेकून "टप" असा आवाज करायला हवा, कारण मुलं तालासाठी डोळ्यांपेक्षा त्या आवाजावर विसंबतात. सहा वर्षांच्या मुलांकडून गोल एकसारखा फिरत नाही. एक टोक खिडकीच्या गजाला, मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर बांधा आणि दुसरं टोक नऊ वर्षांच्या मुलाकडे किंवा स्वतःकडे ठेवा. फिरत्या दोरीत धावत शिरायला लावू नका. दोरी जमिनीवर पडलेली असताना मूल मधोमध उभं राहील, मग फिरवायला सुरुवात. वेग एवढाच की दहा उड्यांना दहा सेकंद लागावेत. याहून जोरात गेलं तर गप्प उडी उरतच नाही.

आणि पाय अडकला म्हणून डाव घालवू नका. पाय चुकणं आणि आकडा चुकणं ही दोन वेगळी खाती आहेत. दोरी थांबवा, तोच प्रश्न उभ्याने विचारा. उत्तर आलं तर चूक पायाची होती. एखादं मूल रोज एकाच आकड्यावर अडकत असेल, तर मात्र चूक आकड्याची आहे आणि ती पायात उतरली आहे. पुढे सातच्या पाढ्यात "एकोणपन्नास" आला की हे तुम्हाला हमखास दिसेल, कारण एवढा लांब शब्द एका उडीत बसत नाही. शिवाय त्यात "पन्नास" ऐकू येतं, आणि लिहायचा असतो चाळीसातला आकडा. महाराष्ट्रात २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात जोडाक्षरी संख्यानावांच्या बरोबरीने "वीस एक, वीस दोन" असं वाचन आणलं, तेव्हा मोठा वाद झाला होता. वादाचं काही असो, दोरीवर मी अशा आकड्याला खुशाल "चाळीस नऊ" म्हणू देते आणि डाव संपल्यावर "एकोणपन्नास" म्हणून घेते.

तुमच्या मुलांना घरी "सक" आणि शाळेत "छक" ऐकू येत असेल. त्यात गोंधळ मानू नका. गुजरातीतलं चोवीस आणि मराठीतलं चोवीस कानाला एकच आहे, बत्तीस-छत्तीसचा फरकही एका अक्षराचा. एका संध्याकाळी एकाच भाषेत प्रश्न विचारा, उत्तर ज्या भाषेत आधी येईल त्या भाषेत घ्या.

आता ठिकरी. दोरी आठवण पक्की करेल, पण न आठवलेलं उत्तर शोधायचं कसं ते दोरी शिकवू शकत नाही, तिला तेवढा वेळ नाही. ते काम ठिकरीचं, म्हणजे तुमची मुलं ज्याला पगथियां म्हणत असतील त्या खेळाचं. आणि तुमची अडचण जागेची नाही, आखणीची आहे. दहा घरं सरळ रेषेत आखली की मूल एका टोकाने शिरतं, दुसऱ्या टोकाने निघतं आणि परत येताना पुढच्याला आदळतं.

नऊच घरं आखा, घोड्याच्या नालेसारखी. डावीकडे खालून वर एक, दोन, तीन, चार. वर मधोमध पाच. मग उजवीकडे वरून खाली सहा, सात, आठ, नऊ. खाली दोन्ही बाजूंना मिळून एकच आडवी रेघ. ते घर, म्हणजे दहा. प्रत्येक चौकोन सव्वा फुटाचा केला तर ही आखणी सव्वासहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद होते. दोरी एका भिंतीकडे, नाल दुसऱ्या भिंतीकडे, आणि स्कूटर जिथल्या तिथे. मूल डावीकडून चढतं, उजवीकडून उतरतं आणि जिथून निघालं तिथेच परत येतं. वर जाताना उजव्या पायाने लंगडी, पाचच्या घरात दोन्ही पाय टेकून विसावा, उतरताना डाव्या पायाने. सलग चार घरं एका पायावर सात वर्षांच्या मुलाला सहसा जमतात. सहा वर्षांच्याला जमली नाहीत तर दोन्ही पायांनी उड्या मारू द्या.

जागा वाचते हा या आखणीचा लहान फायदा. मोठा फायदा शेजाऱ्यांत आहे. एकच्या शेजारी नऊ येतात, दोनच्या शेजारी आठ, तीनच्या शेजारी सात, चारच्या शेजारी सहा. प्रत्येक जोडी दहाची. पाच एकटा वर बसतो, तो स्वतःचीच जोडी. सहा वर्षांच्या मुलांना पाढे नकोतच, त्यांना एवढंच पुरे: ठिकरी सातात पडली की "सात", मग एक गप्प टाळी, मग "तीन". चुकलं तर शेजारचं घर बघायचं. आठवड्याभराने आकडे पुसून नुसते चौकोन ठेवा आणि तोच खेळ खेळा.

तुमच्या मुलीच्या "चार साते"चं काय करायचं ते आता नीट सांगते.

पहिल्या संध्याकाळी लंगडी नको, ठिकरीही नको. पिशवीभर चिंचोके घ्या. प्रत्येक घरात चार-चार आणि घरच्या रेघेवर चार, असे एकूण चाळीस. तिला एकपासून चालत जाऊन चिंचोके उचलायला सांगा आणि सातच्या घरात थांबवा. विचारा, पुढे किती घरं राहिली? आठ, नऊ आणि रेघ, तीन. त्यांत किती चिंचोके? बारा. चाळीसांतले बारा अजून जमिनीवर आहेत, मग तुझ्या हातात किती? तिने हातातले मोजून पाहिले तरी चालेल, पहिल्या दिवशी मोजावेतच. अठ्ठावीस निघतात. मग तिला शेजारच्या घराकडे बघायला सांगा. तिथे तीन लिहिलेला आहे. पुढे जेवढी घरं राहिली तेवढाच शेजारचा आकडा. हे तिने स्वतः दोन-तीन घरांत उभं राहून तपासावं. आठात उभी राहिली की पुढे दोन, शेजारी दोन. सहात उभी राहिली की पुढे चार, शेजारी चार. इथे घाई करू नका. मुलांचा चेहरा उजळतो तो बहुतेक वेळा याच जागी.

दुसऱ्या संध्याकाळपासून ठिकरी. कौलाचा चपटा तुकडा बरा, फार उडत नाही. आजचा पाढा चारचा असं आधी सांगून टाकायचं. रेघेमागून ठिकरी टाकली, सातात पडली. तिने लंगडी घालायच्या आधी तिथेच उभं राहून म्हणायचं, "चार साते", एक गप्प टाळी, आणि उत्तर. आलं तर लंगडी घालत फेरी मारायची, वाटेत ठिकरी उचलायची. नाही आलं तरी डाव जात नाही. ती सातपर्यंत लंगडी घालत जाईल, तिथे दोन्ही पाय टेकेल, शेजारच्या तीनकडे बघून "बारा" म्हणेल, रेघेकडे बघून "चाळीस" म्हणेल, आणि "चाळीसातून बारा गेले, अठ्ठावीस" म्हटल्यावरच ठिकरी उचलेल. लहान आकड्यांच्या चार ओळी तिला येत असतील तर मोठ्या आकड्यांच्या चारही ओळी तिच्या हाताशी आल्या. चार नवे हवे असेल तर चाळीसातून चार. चार आठे हवे असेल तर चाळीसातून आठ.

पहिले दोन दिवस ती जाताना प्रत्येक घरात "चार, आठ, बारा" असं मोजत जाईल. जाऊ द्या. पण ओठांकडे लक्ष ठेवा. पाच-सहा दिवसांनीही सहाव्या घरापर्यंत ओठ हलत असतील, तर ती शेजाऱ्याला विचारत नाही, जुनी साखळीच पायांनी ओढते आहे. मग प्रश्न थोडा बदला: ठिकरी सातात पडली की आधी "चार त्रिक" विचारा आणि नंतर "चार साते". दोन प्रश्न एका जोडीत आले की मोजत जाण्याचं कारण उरत नाही.

मुलं हुशार असतात, ती ठिकरी मुद्दाम एकाच्या घरात टाकतात. एक नियम ठेवा: ज्या घरात एकदा पडली ते घर त्या संध्याकाळी त्या मुलाला परत मिळत नाही. आपल्या नालेत आठ आणि नऊ ही अवघड घरं रेघेजवळच आहेत, त्यामुळे नेम नसलेल्या लहानग्याच्या वाट्यालाही ती येतातच.

घरांत उत्तरं लिहू नका, ही कळकळीची विनंती. मी एका शाळेच्या अंगणात पाढ्यांची घरं ऑइलपेंटने रंगवून घेतली होती, उत्तरांसकट. दिसायला देखणी. वर्षभर मुलं त्यावर नाचली आणि उत्तरं वाचत राहिली. परीक्षेत पान कोरं. पावसाळ्यात तो रंग इतका निसरडा झाला की एका मुलाचं कोपर दुखावलं. त्याच्या आईसमोर उभी राहिले तो दिवस मी विसरलेले नाही. तुमच्या चौकात कोटा फरशी असेल तर खडूच वापरा, फरशी कोरडी असतानाच खेळा आणि मोजे काढायला लावा.

ही नाल कुठे पुरी पडत नाही तेही सांगते. दोन, तीन, चार आणि पाचच्या पाढ्यांना ती उत्तम आहे. सातच्या पाढ्यात "सात सक"साठी सत्तरातून अठ्ठावीस वजा करावे लागतात, आणि दुसरीतलं मूल त्या वजाबाकीतच हरवतं. तिथे शेजारी सोडून वरच्या पाचाकडे बघायचं: सात पंचे पस्तीस, एक घर पुढे, आणखी सात, बेचाळीस. म्हणून पाचच्या घरात दोन्ही पाय टेकायचे. तिथलं उत्तर प्रत्येकाला न अडखळता यायलाच हवं. बाकीचं सारं त्यावर उभं आहे. नवीन पाढा सुरू करताना मी आधी तीन दिवस फक्त दोन ओळी विचारते, पाचची आणि दहाची.

बारा मुलांचे दोन गट करा. सहा दोरीकडे: एक फिरवणारा, एक उडी मारणारा, चार टाळ्या देणारे. सोळा उड्या आणि अदलाबदल धरून अर्ध्या मिनिटाचा डाव, म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन मिनिटांत परत येते. सहा नालेकडे, तिथे डाव लांबतो, पण थांबलेली मुलं दुसऱ्याचं उत्तर मनात तपासत असतात. त्यांनी बोलायचं नाही, पटलं तर एक टाळी द्यायची. पंधरा मिनिटांनी गट बदला. अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, कडक फरशीवर घोटे आणि पोटऱ्या दुखू लागतात आणि मग ताल राहत नाही.

तीन आठवड्यांनी एक दिवस दोरी आणि खडू दोन्ही घरात ठेवा. भाजी निवडताना किंवा वेणी घालताना सहज विचारा, "चार साते?" ती गुणगुणली तर गप्प उडी अजून मुरलेली नाही, आणखी आठवडाभर क्रम मोडलेल्या ओळी द्या. ती क्षणभर थांबून "चाळीसातून बारा" असं पुटपुटली तर नाल मुरली आहे, आता वेग आपोआप येईल. आणि थेट "अठ्ठावीस" आलं, तर दुसऱ्या दिवसापासून तिला उडी मारणाऱ्याच्या जागेवरून काढून दोरी फिरवायला द्या, प्रश्न तिने विचारायचे.